सी ड्राइव्हच्या हिशेबात न दिसणारी जागा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की माणूस आधी फोटो आणि व्हिडिओंकडे वळतो. डाउनलोडचे फोल्डर रिकामे होते, रिसायकल बिन साफ होतो, एखादे न वापरलेले सॉफ्टवेअर जाते. चार-सहा जीबी जागा सुटते आणि आठवड्याभरात पट्टी पुन्हा लाल होते. अशा वेळी आणखी फाइली उडवत बसण्याआधी एक साधी बेरीज करावी. सी ड्राइव्ह उघडून त्यातले सगळे फोल्डर, लपवलेल्या फाइलींसकट, एकदम निवडावेत आणि गुणधर्म पाहून एकूण आकार टिपून घ्यावा. मग ड्राइव्हचे स्वतःचे गुणधर्म उघडून वापरलेल्या जागेचा आकडा पाहावा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत आणि थोड्या फरकाचे कारण निरुपद्रवी असते. पण फरक पन्नास-साठ जीबींचा निघाला, तर ती जागा तुमच्या कोणत्याच फाइलने घेतलेली नाही. बहुतेक वेळा ती जुने रिस्टोअर पॉइंट आणि त्यांच्यामागच्या शॅडो कॉपी अडवून बसलेल्या असतात.

या लेखासाठी एक नमुना संगणक घेऊ. तालुक्याच्या गावात हिशेबाचे काम करणारे एक छोटे कार्यालय आहे. तिथे विंडोज १० असलेला संगणक आहे. त्यातल्या एसएसडीवर २५६ जीबी लिहिलेले असते, पण विंडोज ती २३८ जीबी दाखवते. सी ड्राइव्हवर १४ जीबी मोकळी आहे, म्हणजे २२४ जीबी भरलेली. दिसणाऱ्या फाइलींची बेरीज मात्र १६० जीबीच्या आसपास येते. उरलेली साठाहून अधिक जीबी कुठे आहे, हे शोधायचे आहे.

ती जागा लपलेली राहते, कारण ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आपल्याला प्रवेश नाही. प्रत्येक ड्राइव्हच्या मुळाशी `System Volume Information` नावाचा फोल्डर असतो. तो लपवलेला असतो आणि लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितले तरी उघडत नाही. संगणकाच्या प्रशासकालाही विंडोज तिथे नकार देते, कारण तो फोल्डर यंत्रणेने स्वतःच्या खात्यासाठी राखून ठेवलेला आहे. उघडता न येणाऱ्या फोल्डरमधल्या फाइली मोजताही येत नाहीत. त्यामुळे एक्सप्लोरर तो शून्य धरतो आणि जागा मोजणारी काही सॉफ्टवेअरेसुद्धा प्रशासकाचे अधिकार न देता चालवली तर हेच करतात. म्हणून कार्यालयातले लोक महिनोन्‌महिने फोल्डर चाळत राहतात आणि हाती काही लागत नाही.

रिस्टोअर पॉइंटची सोय विंडोजमध्ये जुनी आहे. ती २००० साली विंडोज एमईमध्ये आली आणि पुढच्या वर्षी एक्सपीत. त्या काळी पद्धत सोपी होती. विंडोज ठरावीक प्रकारच्या फाइलींवर लक्ष ठेवायची आणि त्या बदलल्या की त्यांच्या जुन्या प्रती बाजूला ठेवायची. तुमचे व्हिडिओ किंवा हिशेबाचा डेटा त्यात येत नसे, म्हणून जागाही बेताची लागे. २००७ मध्ये विस्टा बाजारात आली आणि पाया बदलला. रिस्टोअर पॉइंट आता व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाच्या सेवेवर उभा राहिला आणि ही सेवा फाइली ओळखतच नाही. तिला दिसतात ते डिस्कवरचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक. कुठला ब्लॉक विंडोजच्या ड्रायव्हरचा, कुठला लग्नाच्या व्हिडिओचा आणि कुठला ग्राहकाच्या खतावणीचा, हा भेद तिच्या पातळीवर नाही. आज विंडोज १० आणि ११ मध्येही हीच रचना आहे आणि जागा का फुगते याचे उत्तर याच बदलात आहे.

रिस्टोअर पॉइंट तयार होतो तेव्हा ड्राइव्हची नक्कल निघत नाही. साठ-सत्तर जीबीची नक्कल काढायला बराच वेळ लागला असता. प्रत्यक्षात काम मिनिटाभरात उरकते. त्या क्षणी विंडोज फक्त एवढेच ठरवते, की आतापासून कुठल्याही ब्लॉकवर नवे काही लिहायचे झाले तर आधी त्यातला जुना मजकूर उचलून बाजूला ठेवायचा आणि मगच नवे लिहू द्यायचे. वहीतली नोंद खोडण्याआधी तिची नक्कल काढून ठेवणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे. उचलण्याचे माप १६ किलोबाइटचे असते. जुन्या मजकुराची ही साठवण `System Volume Information` मध्ये वाढत जाते. पुढे कधी त्या क्षणाचे चित्र हवे असेल, तर न बदललेले ब्लॉक आजच्या डिस्कवरून आणि बदललेले साठवणीतून घेऊन ते जुळवले जाते.

म्हणून रिस्टोअर पॉइंट जन्मतो तेव्हा जवळजवळ काहीच जागा घेत नाही. त्यानंतर डिस्कवर जेवढी उलथापालथ होते, तेवढा तो जाड होतो. शांत संगणकावर महिनाभर जुना रिस्टोअर पॉइंट दोन जीबीत राहू शकतो आणि कामाच्या संगणकावर तोच आठवड्यात दहा जीबी होऊ शकतो. ‘एका रिस्टोअर पॉइंटला किती जागा लागते?’ असे लोक विचारतात तेव्हा नेमका आकडा देता येत नाही तो यामुळे. त्यामागून काय लिहिले गेले, हा खरा प्रश्न आहे.

सगळेच लिहिणे मात्र महाग पडत नाही. रिस्टोअर पॉइंट तयार होताना जे ब्लॉक मोकळे होते, त्यांत जपण्यासारखे काही नव्हते. तिथे नंतर कितीही मोठी फाइल लिहा, साठवणीत भर पडत नाही. भर पडते ती त्या वेळी भरलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहिल्यावर. यातून एक कोडे सुटते. समजा, तुम्ही २० जीबीची जुनी फाइल कायमची उडवली. ड्राइव्हवर २० जीबी मोकळी दिसते आणि बरे वाटते. पण त्या मोकळ्या झालेल्या ब्लॉकमधला मजकूर रिस्टोअर पॉइंटच्या दृष्टीने अजून जपायचा आहे. मग तुम्ही तिथे २० जीबीची नवी फाइल आणून ठेवता. विंडोज प्रत्येक ब्लॉकवर लिहिण्याआधी जुना मजकूर उचलून साठवणीत टाकते. फाइल आली २० जीबीची आणि जागा गेली जवळपास ४० जीबी. ड्राइव्ह आधीच गच्च असेल तर नव्या फाइलीला नुकत्याच सुटलेल्या ब्लॉकवरच बसावे लागते. म्हणजे जागेची तंगी जितकी जास्त, तितकी ही दुहेरी वसुली पक्की.

आता आपल्या हिशेबाच्या कार्यालयाकडे वळू. तिथले सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी सगळ्या ग्राहकांच्या डेटाची एक झिप फाइल सी ड्राइव्हवरच तयार करते आणि परवाची झिप उडवते. ही झिप सुमारे ६ जीबीची आहे. शिवाय आउटलुकची मोठी पीएसटी फाइल रोज थोडी थोडी बदलते आणि विंडोजचे अपडेट येत असतात. रिस्टोअर पॉइंट साधारण आठवड्याला एक पडतो: कधी अपडेटच्या आधी, कधी एखादा प्रिंटर ड्रायव्हर बसवताना, कधी वेळापत्रकाने. प्रत्येक पॉइंटच्या वेळी डिस्कवर जी झिप असते, तिची जागा पुढच्या दोन-तीन दिवसांत नव्या झिपने घेतली जाते आणि तिचे ६ जीबी साठवणीत जातात. एकदा साठवलेला ब्लॉक त्याच पॉइंटसाठी पुन्हा साठवावा लागत नाही, म्हणून त्या आठवड्यात झिपचा खर्च तेवढ्यावर थांबतो. पण पुढचा पॉइंट पडला की खाते नव्याने उघडते आणि आणखी ६ जीबी जातात. पीएसटी आणि अपडेट धरून आठवड्याला पावणेनऊ जीबीच्या आसपास भर पडते. असे सात आठवडे झाले आणि साठवण साठ जीबींच्या वर गेली.

हे अंदाजाने म्हणायची गरज नाही, विंडोज स्वतः सांगते. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून कमांड प्रॉम्प्टवर उजवे क्लिक करावे, तो प्रशासक म्हणून उघडावा आणि ही ओळ टाइप करावी:

```
vssadmin list shadowstorage
```

आपल्या नमुना संगणकावर उत्तर असे येते (ड्राइव्हच्या ओळखीच्या लांबलचक ओळी इथे गाळल्या आहेत):

```
Used Shadow Copy Storage space: 61.4 GB (25%)
Allocated Shadow Copy Storage space: 62.1 GB (26%)
Maximum Shadow Copy Storage space: UNBOUNDED (100%)
```

पहिली ओळ जुन्या मजकुराने खरोखर भरलेली जागा दाखवते. दुसरी ओळ त्यासाठी आरक्षित झालेली जागा दाखवते. विंडोज ही जागा तुकड्यातुकड्याने आधीच घेऊन ठेवते, म्हणून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि तुमच्या ड्राइव्हवरून प्रत्यक्षात वजा होतो तो हाच. फाइलींची बेरीज आणि वापरलेली जागा यांच्यातला हरवलेला फरक बहुतांशी इथे सापडला. उरलेला थोडा फरक बेरजेच्या पद्धतीमुळे पडतो, कारण विंडोजच्या फोल्डरमधल्या अनेक फाइलींना दोन-दोन नावे असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो.

सगळ्यांत महत्त्वाची तिसरी ओळ. ती कमाल मर्यादा आहे. मर्यादा असली की साठवण तिथपर्यंत वाढते आणि नवे बसवण्यासाठी विंडोज सर्वांत जुनी शॅडो कॉपी आपणहून टाकून देते. विंडोजने स्वतः मर्यादा घातली असेल तर ती बहुधा ड्राइव्हच्या काही टक्क्यांत असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र `UNBOUNDED` आहे, म्हणजे वरचे बंधनच नाही. अशी अवस्था बहुधा एखाद्या बॅकअप सॉफ्टवेअरमुळे किंवा पूर्वी कुणी दुरुस्ती करताना दिलेल्या आज्ञेमुळे येते. ते सॉफ्टवेअर नंतर काढून टाकले तरी ही नोंद मागे राहते. संगणक वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण कुठलीही सूचना येत नाही. आदेशाला `No items found that satisfy the query.` असे उत्तर आले, तर त्या संगणकावर शॅडो कॉपींची साठवण नाही. मग दोष दुसरीकडे शोधायचा: हायबरनेशनची फाइल, जुन्या विंडोजचा `Windows.old` फोल्डर, नाहीतर अपडेटचा साठा.

एकूण आकडा कळला, पण त्यात कोणत्या दिवशीच्या प्रती आहेत हे पाहायचे असेल तर `vssadmin list shadows` द्यावे. प्रत्येक प्रतीची निर्मितीची तारीख आणि प्रकार दिसतो. तारखा आठवड्या-पंधरवड्याच्या अंतराने असतील आणि प्रकार `ClientAccessibleWriters` असेल, तर ते नेहमीचे रिस्टोअर पॉइंट आहेत असे समजायला हरकत नाही. मध्येच वेगळ्या प्रकारची, खूप जुनी एखादी प्रत दिसली, तर ती बॅकअप सॉफ्टवेअरची विसरलेली प्रत असू शकते. तिच्याकडे पुढे येऊ.

जागा सोडवण्याचा सर्वांना माहीत असलेला रस्ता डिस्क क्लीनअपचा आहे. सी ड्राइव्ह निवडून `Clean up system files` दाबायचे, मग `More Options` मध्ये जाऊन `System Restore and Shadow Copies` खालचे `Clean up` दाबायचे. सर्वांत ताजा पॉइंट ठेवून बाकीचे सगळे जातात. पण इथे एक खाच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. संगणकावर एकच पॉइंट असेल आणि तोही तीन महिन्यांपूर्वीचा असेल, तर तोच ‘सर्वांत ताजा’ ठरतो. तीन महिन्यांचे सगळे बदल त्याच्याच खात्यावर आहेत. बटण दाबले तर सूचना नेहमीसारखी येते आणि जागा एक जीबीसुद्धा सुटत नाही. उपाय सोपा आहे: आधी हाताने एक नवा पॉइंट तयार करायचा, मग साफसफाई करायची. नवा पॉइंट जवळजवळ रिकामा असतो आणि जुना भारी पॉइंट निघून जातो.

नवा पॉइंट तयार करण्यासाठी विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून `SystemPropertiesProtection` टाइप करावे. खिडकीत तळाशी `Create` आहे. त्याच खिडकीत सी ड्राइव्ह निवडून `Configure` दाबले की सध्याचा वापर आणि कमाल मर्यादेची सरकपट्टी दिसते. तिथेच `Delete` बटण असते. ते सगळे पॉइंट एकदम उडवते, ताजासुद्धा ठेवत नाही. आणि `Disable system protection` निवडले तर पॉइंट जातातच, शिवाय पुढे नवे पडणेही बंद होते. जागेच्या घाईत अनेक जण हे करतात. काही महिन्यांनी एखादा बिघडलेला ड्रायव्हर संगणक सुरू होऊ देत नाही, तेव्हा मागे जायला एकही पाऊल शिल्लक नसते. घरच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या संगणकावर संरक्षण पूर्ण बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही जीबींच्या मोबदल्यात ही सोय स्वस्त आहे. बंधन नसलेली साठवण हाच तिच्यातला खरा दोष आहे.

म्हणून आपल्या संगणकावर नुसती साफसफाई पुरेशी नाही. आज साठ जीबी सोडवली तरी मर्यादा `UNBOUNDED` राहिली, तर दोन महिन्यांत तीच गोष्ट पुन्हा. आधी संगणक नीट चालतो आहे ना, हे पाहून घ्यायचे. मग एखादी जुनी फाइल परत हवी आहे का, याचा विचार करायचा, कारण एकदा प्रत गेली की तिच्यातले सगळे गेले. फोल्डरच्या गुणधर्मांतल्या `Previous Versions` टॅबवर जुन्या तारखा दिसत असतील, तर हवी ती फाइल आत्ताच बाहेर काढून घ्यावी. त्यानंतर नवा पॉइंट तयार करून ही आज्ञा द्यायची:

```
vssadmin resize shadowstorage /for=C: /on=C: /maxsize=12GB
```

२३८ जीबीचे पाच टक्के म्हणजे जवळपास १२ जीबी. विंडोज सर्वांत जुन्या प्रतीपासून एकेक प्रत टाकत येते आणि साठवण मर्यादेत बसली की थांबते. आपल्या संगणकावर सहा जुने पॉइंट गेले, मागच्या आठवड्याचा आणि आत्ताच तयार केलेला असे दोन राहिले. आरक्षित जागा ६२ वरून ९ जीबींवर आली आणि सी ड्राइव्हवर १४ ऐवजी ६७ जीबी मोकळी दिसू लागली. सरकपट्टीनेही हेच होते, फक्त ती टक्क्यांत चालते. `/on` मधले अक्षर मात्र नीट पाहावे. एका ड्राइव्हची साठवण दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवता येते. पूर्वी कुणी तसे केले असेल तर डी ड्राइव्हमधल्या बदलांची किंमत सी ड्राइव्ह भरत असतो. `list shadowstorage` मध्ये दोन्ही ड्राइव्हांची नावे एकाखाली एक येतात. आज्ञेत तीच जोडी द्यावी लागते.

पण १२ जीबींत फक्त एक-दीड आठवडाच बसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. सोमवारी बसवलेल्या ड्रायव्हरचा त्रास तीन आठवड्यांनी कळला, तर त्याआधीचा पॉइंट उरलेला नसेल. मर्यादा २५ जीबी करणे हा एक मार्ग झाला. माझ्या मते चांगला मार्ग वेगळा आहे. साठवण फुगवणारा खरा धनी ती संध्याकाळची ६ जीबीची झिप आहे. ती बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जाऊ लागली, की आठवड्याची भर पावणेनऊवरून तीन जीबींच्या खाली येते आणि त्याच १२ जीबींत चार आठवडे सुखाने बसतात. शिवाय ज्या डिस्कवर डेटा आहे तिच्यावरच डेटाचा बॅकअप ठेवण्याला मुळात काही अर्थ नव्हता. डिस्क गेली की दोन्ही गेले असते. असाच परिणाम व्हर्च्युअल मशीनच्या मोठ्या फाइलींचा, व्हिडिओ संपादनाच्या तात्पुरत्या फाइलींचा आणि सतत नव्याने लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेसचा होतो. ज्या ड्राइव्हवर असे काम चालते, त्यावर संरक्षण चालू ठेवण्याची सहसा गरज नसते. ते विंडोज असलेल्या ड्राइव्हपुरते ठेवावे आणि जड काम दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावे.

आता त्या विसरलेल्या बॅकअपच्या प्रतीकडे येऊ. `vssadmin delete shadows /for=C: /oldest` ही आज्ञा सर्वांत जुनी प्रत काढते. पण कधी कधी ती नकार देते: प्रती सापडल्या, पण त्या तुमच्या परवानगीच्या कक्षेबाहेरच्या आहेत, ज्या बॅकअप सॉफ्टवेअरने त्या केल्या त्यातूनच काढा. ते सॉफ्टवेअर अजून संगणकावर असेल, तर हाच सल्ला ऐकावा. चालू बॅकअपखालची प्रत ओढून काढली तर तो बॅकअप अर्धवट राहतो. सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलेले असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे मर्यादा खाली आणावी. मर्यादेपुढे अशा प्रतींनाही जागा सोडावी लागते. हे काम झाल्यावर मर्यादा पुन्हा योग्य आकड्यावर न्यायला विसरू नये.

हा फोल्डर हाताने साफ करण्याचा प्रयोग मात्र करू नये. `System Volume Information` ची मालकी स्वतःकडे घेऊन आतल्या फाइली उडवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या फोल्डरमध्ये शॅडो कॉपीखेरीज यंत्रणेच्या इतरही नोंदी असतात. व्हॉल्यूम शॅडो कॉपीची सेवा सेवांच्या यादीतून बंद करण्याचा सल्लाही तसाच चुकीचा. उघड्या असलेल्या फाइलींचा बॅकअप घेण्यासाठी बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअरे हीच सेवा वापरतात. ती बंद केली की बॅकअप फसतात आणि ते फसल्याचे अनेकदा गरज पडल्यावरच कळते.

शॅडो कॉपींवर किती विसंबावे, यालाही मर्यादा आहे. रिस्टोअर पॉइंटने संगणक मागे नेला तर विंडोजच्या फाइली, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि बसवलेली सॉफ्टवेअरे मागे जातात. तुमची कागदपत्रे आणि फोटो आहेत तसेच राहतात. म्हणून चुकून उडवलेला फोटो ‘सिस्टिम रिस्टोअर’ने परत येत नाही. शॅडो कॉपीत तो असू शकतो, पण ती कॉपीसुद्धा त्याच डिस्कवर असते आणि न बदललेल्या ब्लॉकसाठी त्याच डिस्कवर अवलंबून असते. डिस्क निकामी झाली की तिचा उपयोग संपला. खंडणीखोर व्हायरसांना हे चांगले माहीत आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ फाइली कुलूपबंद करताना `vssadmin` वापरूनच सगळ्या शॅडो कॉपी पुसून टाकत असे, म्हणजे जुन्या प्रतींतून काही परत मिळवण्याची वाटच राहू नये. खरा बॅकअप वेगळ्या डिस्कवर असावा लागतो आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी लागते.

प्रती किती दिवस टिकतात, हेही विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे बदलते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर जून २०२५ चे सुरक्षा अपडेट आल्यानंतर रिस्टोअर पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस ठेवले जातात. त्यापेक्षा जुने आपोआप जातात, मर्यादेत जागा शिल्लक असली तरी. ६० दिवसांचा नियम असला तरी जागेची मर्यादा घालणे सुटत नाही. वर पाहिलेला सगळा साठा सात आठवड्यांचाच होता.

मर्यादा घातल्यावर ती पाळली जाते आहे का, हे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते. `Windows Logs` खालच्या `System` मध्ये `Volsnap` या स्रोताच्या नोंदी शोधाव्यात. ३३ क्रमांकाची नोंद म्हणजे मर्यादेत राहण्यासाठी सर्वांत जुनी प्रत टाकली गेली. ही नोंद अधूनमधून दिसणे हे काम नीट चालल्याचे लक्षण आहे. ती रोज दिसत असेल तर मर्यादा कामाच्या मानाने फार तोकडी आहे, नाहीतर काहीतरी भरमसाट लिहिले जात आहे. २५ क्रमांकाची नोंद गंभीर आहे. डिस्कवर इतक्या वेगाने लिहिले गेले की साठवणीला वेळेत वाढता आले नाही आणि विंडोजने त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या शॅडो कॉपी एकदम टाकून दिल्या, असा तिचा अर्थ. अशी नोंद दिसली तर तिची वेळ पाहावी आणि त्या वेळी संगणकावर काय चालू होते ते आठवावे. हिशेबाच्या कार्यालयात ती संध्याकाळी झिप तयार होण्याच्या वेळेची निघाली, तर पहिले काम तीच झिप यूएसबी डिस्कवर हलवणे.